छप्पन्न सापडलं, पण मधल्या दाराने

तिसरीच्या वर्गात मी सहा वर्षं सरावपत्रिका वाटल्या. एका कागदावर चाळीस गुणाकार, समोर चाळीस कोऱ्या चौकटी. शुक्रवारी झेरॉक्स काढायची, सोमवारी वाटायची, मंगळवारी लाल पेनाने तपासायची. आमच्या वाडीवरच्या शाळेत तिसरीचा पट अठ्ठावीस, म्हणजे आठवड्याला अकराशेवीस गुणाकार तपासून व्हायचे. त्यातले बहुतेक बरोबर असायचे आणि मी खूश असायचे.

खिचडीच्या वेळी एकदा आम्ही ताटं मांडत होतो. सात ओळी, प्रत्येक ओळीत आठ. शेजारी उभ्या मुलीला मी सहज विचारलं, "किती झाली गं एकूण?" आदल्याच दिवशी तिच्या पत्रिकेवर मी चाळीसपैकी चाळीस दिले होते. ती थोडा वेळ थांबली, ओठ हलू लागले. "सात एके सात, सात दुणे चौदा, सात त्रिक एकवीस..." पाचेपर्यंत आली आणि पुढे अडली, मग पुन्हा पहिल्यापासून. शेवटी तिने ताटंच मोजली.

त्या संध्याकाळी जुन्या पत्रिकांचा गठ्ठा काढून बसले तेव्हा कळलं की मुलं काय करत होती. पत्रिकेत सातचा पाढा ओळीने होता, ७ × १, ७ × २, ७ × ३. मुलं वरच्या उत्तरात सात मिळवून खालचं लिहीत होती. नऊच्या पाढ्यात तर काहींनी एककाच्या घरात वरून खाली नऊ ते शून्य आणि दशकाच्या घरात शून्य ते नऊ उभे उतरवले होते. पानावर गुणाकार चाळीस, डोक्यात एकही नाही. आणि जिथे क्रम मोडला होता तिथे वहीचं मलपृष्ठ कामाला आलं होतं. आपल्याकडच्या अर्ध्या वह्यांच्या मागे पाढे छापलेले असतात, हे मी सहा वर्षं पाहत होते आणि पाहत नव्हते.

पाढे म्हणण्याला माझा विरोध नाही. आजही परिपाठ संपला की आम्ही दोन पाढे चालीत म्हणतो. माझे आजोबा पावकी-निमकी म्हणायचे, ती चाल अजून कानात आहे. अडचण एवढीच, की चालीत शिकलेल्या पाढ्याला एकच दार असतं, 'एके'चं. 'सात आठे' हवं असेल तर मुलाला त्या दारातून आत शिरून सात खोल्या ओलांडाव्या लागतात. मला मुलांना मधल्या दाराने आत आणायचं होतं. त्यासाठी मी खेळ घेतले. ते पहिल्या फटक्यात जमले नाहीत.

पहिला खेळ सोपा निवडला. चौकटीच्या वहीचं मोठं पान, चार मुलांचा गट, दोन-दोनच्या जोड्या आणि सापशिडीतले दोन फासे. फाशांवर चार आणि सहा पडले की पानावर चार बाय सहाचं 'वावर' आखायचं आणि त्यात २४ लिहायचं. पुढच्या जोडीने उरलेल्या जागेत आपलं वावर आखायचं. जागा संपली की बेरीज करायची, ज्याचं वावर जास्त तो जिंकला. आमच्याकडची पोरं कांद्याच्या वावरात वाढलेली, खेळ समजावायला दोन मिनिटंही लागली नाहीत. बांधावरून भांडणंही अगदी खऱ्यासारखी झाली.

या खेळाने एक गोष्ट फार छान केली. पान भरत आलं तेव्हा एका जोडीला तीन आणि सहा पडले. आडवं वावर बसेना. दोघांपैकी एकाने पान फिरवलं आणि ओरडला, "उभं बसतंय! सहा त्रिक पण अठराच!" हे मी फळ्यावर चार वेळा सांगितलेलं होतं. त्या दिवसापासून त्या गटात कुणी 'सहा त्रिक' आणि 'तीन सक' वेगळे मानले नाहीत.

दोन आठवडे झाले आणि मी तोंडी विचारायला बसले. चार चोक, पाच सक, तीन पाचे झटकन येत होतं. सात आठे विचारलं की पुन्हा तेच, 'सात एके सात'. घोळ लक्षात यायला मला आणखी एक दिवस लागला. साध्या फाशावर सहाच्या पुढे आकडाच नसतो! दोन आठवडे मुलांनी सात, आठ आणि नऊला हातच लावला नव्हता. ज्या गुणाकारांसाठी हा सगळा खटाटोप, नेमके तेच खेळात नव्हते. पुढे मी फाशांऐवजी एक ते नऊचे अंकांचे तुकडे केले. पत्त्यांचा कॅट आणणार होते, पण एका आजोबांनी शाळेच्या दारातच विचारलं, "मॅडम, पोरांना जुगार शिकवायचा का?" म्हणून जुन्या लग्नपत्रिका कापल्या. त्या जाड असतात, वर्षभर टिकल्या.

खरं काम केलं ते दुसऱ्या खेळाने. तो मी नीट सांगते, कारण त्याची मांडणीच महत्त्वाची आहे.

एक ते नऊपर्यंतचे सगळे गुणाकार केले तर वेगवेगळी उत्तरं बरोबर छत्तीस येतात. सहा बाय सहाच्या पटावर ती क्रमाने लिहायची. पहिली ओळ १ ते ६, मग ७, ८, ९, १०, १२, १४ आणि असं करत शेवटची ओळ ५४, ५६, ६३, ६४, ७२, ८१. पटाखाली एक पट्टी, तिच्यावर १ ते ९. पट्टीवर शर्टाची दोन बटणं. एका जोडीकडे चिंचोके, दुसरीकडे मक्याचे दाणे. पहिली जोडी एक बटण कुठल्याही अंकावर ठेवते. दुसरी जोडी दुसरं बटण ठेवते, दोन्ही अंकांचा गुणाकार करते आणि पटावर त्या घरात आपला दाणा ठेवते. त्यानंतर प्रत्येक पाळीला दोनपैकी एकच बटण हलवायचं. दोन्ही बटणं एकाच अंकावर आली तरी चालतात, नाहीतर ४९ कधी मिळणारच नाही. सलग चार घरं, आडवी, उभी किंवा तिरकी, ज्याची झाली तो जिंकला.

हा खेळ कुठे वेगळा पडतो? पत्रिकेवर मुलाला ६ × ८ दिसतं आणि तो उत्तर शोधतो. इथे मुलाला ४८ हवं असतं, आणि तो विचार करतो की ते कशातून येईल, आणि त्यातलं एखादं बटण आधीच जागेवर आहे का.

एका गटाजवळ मी खाली बसून पाहिलेला डाव सांगते. मक्याच्या जोडीकडे पाचव्या ओळीतली ४०, ४२ आणि ४५ ही घरं होती. ३६ चिंचोकेवाल्यांनी अडवलेलं, म्हणजे मक्याला आता फक्त ४८ हवं. बटणं पाच आणि नऊवर होती, कारण ४५ नुकतंच घेतलं होतं. पाळी चिंचोक्यांची. त्यांच्याकडे शेवटच्या ओळीत ५६ आणि ६४ होते. त्यांनी पाचावरचं बटण सहावर सरकवलं, "सहा नव्वे चोपन्न" म्हणून ५४ वर चिंचोका ठेवला आणि खूश झाले.

मक्याच्या जोडीत ती ताटं मोजणारी मुलगी होती. पट्टीवर आता सहा आणि नऊ. तिने सहावर बोट ठेवलं. ओठ हलले नाहीत. म्हणाली, "सहा नव्वे चोपन्न त्यांनी केलं ना. एक सहा कमी केला की..." बोटांवर मागे मोजलं, त्रेपन्न, बावन्न, एक्कावन्न, पन्नास, एकोणपन्नास, अठ्ठेचाळीस. नऊवरचं बटण आठवर आणलं आणि दाणा ठेवला. चार झाली.

'सहा एके सहा' पासून न निघता, जवळच्या माहितीतल्या उत्तरावरून एक पायरी खाली उतरून ती ४८ पर्यंत आली. सहा वर्षांच्या पत्रिकांमध्ये मला हे कधी दिसलं नव्हतं, कारण पत्रिकेवर फक्त ४८ दिसतं.

हरलेल्या जोडीला मी विचारलं, "पाच आणि नऊवर बटणं होती, तेव्हा दुसरं काय करता आलं असतं?" थोडी शांतता. मग एकजण म्हणाला, "पाचचं सातवर." सात नव्वे त्रेसष्ट. त्रेसष्टने ५६, ६३, ६४ अशी सलग तीन घरं झाली असती, आणि पट्टीवर ना सहा उरला असता ना आठ, म्हणजे मक्याला ४८ मिळालंच नसतं. "मग केलं का नाही?" "सात नव्वे येत नव्हतं मॅडम." इतकं सरळ उत्तर मला लाल पेनाने कधी मिळालं नव्हतं. पुढच्या चार दिवसांत सात नव्वे त्याला आलं. मी शिकवलं नाही, डाव गेला म्हणून त्याने पाठ केलं.

आता भानगडी. पहिली भानगड संख्यानामांची, आणि ती आपल्या भाषेचीच आहे.

एक मुलगी पटाकडे बघत बसली होती. बटणं दोन्ही सातवर. "सात साते एकोणपन्नास" असं खणखणीत म्हणाली आणि मग, "मॅडम, एकोणपन्नास पटावर नाहीच." ती ५९ शोधत होती. 'पन्नास' ऐकू येतं म्हणून पाच आधी, आणि 'एकोण'मधला नऊ त्याच्या पुढे. तिच्या जुन्या पत्रिका काढून पाहिल्या. सात साते पुढे दर वेळी ५९, आणि दर वेळी माझी लाल फुली. तिला गुणाकार येत होता. आकडा लिहिता येत नव्हता, आणि मी तिला सातचा पाढा पाच-पाच वेळा लिहायला लावत होते.

२०१९ साली बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक, वीस दोन' असं संख्यावाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला होता. विनोद झाले, मीही हसले होते. आता त्या गटासमोर बसून मी तेच केलं. "एकोणपन्नास म्हणजे चाळीस नऊ." बोट चटकन ४९ वर गेलं. तेव्हापासून आमच्याकडे नियम आहे, दाणा ठेवताना दोन्ही नावं म्हणायची. त्रेसष्ट, साठ तीन. जुनं नाव सोडायचं नाही, कारण घरी आणि बाजारात तेच लागतं.

५९ पटावर नव्हतं म्हणून ही चूक सापडली. पण त्रेसष्ट म्हणून कुणी ३६ वर दाणा ठेवला तर पट काही बोलत नाही, ३६ तिथे आहेच. म्हणून मी चिठ्ठी आणली. जोडीतला एक बटण हलवतो, दुसरा चिठ्ठीवर लिहितो, '७ × ९ = ६३', पुढच्या पाळीला कामं बदलतात. समोरच्या जोडीला शंका आली तर चौकटीच्या पानावर वावर आखून तपासायचं. चूक निघाली तर दाणा उचलायचा आणि पाळी गेली. चिठ्ठ्या मी घरी नेते. डावाला वीसेक ओळी असतात, तपासायला मिनिटभरही लागत नाही, आणि कोण कुठे अडलंय ते कळतं.

चिठ्ठ्यांनीच दुसरी भानगड दाखवली, आणि ती मोठी होती. तीन आठवड्यांच्या चिठ्ठ्या एकत्र केल्या तर सगळीकडे दोन आणि पाच. बटण हलवायचं स्वातंत्र्य दिलं की मुलं सोप्या रस्त्याने जातात, यात त्यांचा काय दोष? ज्यांना आठ नव्वे येत होतं ते ७२ घेत होते, बाकीचे पटाच्या वरच्या तीन ओळींत रमले होते. खेळ जोरात, आवाज भरपूर, आणि सराव त्याच गुणाकारांचा जे आधीच येत होते. बाहेरून बघणाऱ्याला हे ओळखू येणार नाही. मलाही आलं नव्हतं.

मग मी कागद घेऊन बसले. एक, दोन, पाच आणि दहाचे पाढे तिसरीत बहुतेकांना येतात. ते काढले तर उरतात तीन, चार, सहा, सात, आठ, नऊ. या सहा अंकांच्या आपापसातल्या जोड्या, उलटसुलट एकच धरली तर, फक्त एकवीस. म्हणजे वर्षभर ज्याचा धाक घालतो ते सगळं एकवीस गुणाकारांचं आहे! त्यांची वेगळी उत्तरं एकोणीस, कारण २४ आणि ३६ दोन-दोन वाटांनी येतात. एकोणीस घरं आणि एक मोकळं, असा पाच बाय चारचा छोटा पट केला. मोकळ्या घराला मुलांनीच 'विहीर' नाव दिलं, ती दोन्ही जोड्यांची. पट्टीवर फक्त ते सहा अंक, सलग तीन घरं झाली की जिंकलं. इथे सोपी वाट उरतच नाही.

हा छोटा पट आता मुख्य झालाय. डाव सात-आठ मिनिटांत संपतो, तासाला दोन होतात. मोठा पट शुक्रवारी.

गट कसे करायचे यावरही मी चुकले. आधी हुशार मूल आणि मागे पडलेलं मूल अशी जोडी केली, प्रशिक्षणात तसंच सांगतात. झालं असं की एक खेळायचा आणि दुसरा दाणे सांभाळायचा. आता जोडीत थोडाच फरक ठेवते, आणि समोरची जोडी साधारण बरोबरीची. शिवाय जोडीदाराने उत्तर सांगायचं नाही, 'कुठून निघ' एवढंच सांगायचं. "पाच सातेवरून निघ" असं एक मुलगा दुसऱ्याला सांगताना ऐकलं तेव्हा त्या दिवशीचं बाकी सगळं सोडून दिलं तरी चाललं असतं. वेळ लावायची चूक मात्र केली नाही. घड्याळ आलं की अंदाजाने दाणे पडतात.

तरीही एक मुलगा असा आहे की त्याला या पटाचा काही उपयोग झाला नाही. तो नेमाने खेळायचा, हसायचा, बटण हलवायचा. चिठ्ठ्या बघितल्या तर उत्तरं कुठलीही. त्याच्यासाठी सहा आठे म्हणजे काय हेच अजून जमलेलं नव्हतं, तर ४८ ला मागे जाऊन सहा आणि आठ कुठून सापडणार? त्याला पटावरून काढलं आणि पुन्हा चिंचोक्यांच्या ओळींवर नेलं, चार-चारच्या पाच ओळी मांड, एक ओळ वाढव, आता किती. तो आणि मी, खिचडीनंतर दहा मिनिटं. वावराच्या खेळात तो बरा रमतो. घाई केली की तो पुन्हा हसतो, आणि ते हसणं आता मला ओळखू येतं.

पालकांचा प्रश्न एकच असायचा, वही कोरी का? तपासणीला आलेल्या साहेबांनीही तेच विचारलं. त्यावर मी भांडले नाही. चिठ्ठ्या वहीत चिकटवायला लागले. आता वह्या फुगल्यात आणि सगळे समाधानी आहेत. एका आईने मात्र घरी पुठ्ठ्यावर पट करून नेला. ती म्हणाली, तिला स्वतःलाच सात नव्वे येत नव्हतं.

गेल्या शुक्रवारी ती ४९ वाली मुलगी मोठ्या पटासमोर बराच वेळ बसली आणि म्हणाली, "मॅडम, हा पट चुकीचा आहे. एक ते नऊ आणि एक ते नऊ, म्हणजे नऊ नव्वे एक्याऐंशी घरं पाहिजेत. छत्तीसच का?"

मी उत्तर दिलं नाही. वर्गाच्या फरशीवर खडूने नऊ बाय नऊची चौकट आखली. मुलं उत्तरं भरत गेली आणि दुसऱ्यांदा आलेल्या आकड्यावर चिंचोका ठेवत गेली. बारा चार वेळा निघाला, चोवीसही चार वेळा. छत्तीस तीनदाच का, यावरून दोन गट पडले. तेवढ्यात खिचडीची घंटा झाली. चौकट पुसायची नाही असं सफाईवाल्या मावशींना सांगून ठेवलंय, सोमवारी पुढचं.